चिमटीचं वजन

बाई ब्लाउज शिवतात. वय ५६. दिवसाला तीन-चार ब्लाउज, घरात पाच माणसं, सकाळी पोळ्या आणि रात्री भाकरी. माझ्यासमोर बसल्या आणि उजवा हात टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मॅडम, मनगट दुखतंय. कणीक मळून मळून गेलंय ते." बोट ठेवायला सांगितलं, तर त्यांनी ते मनगटावर ठेवलंच नाही. अंगठ्याखालची मांसल गादी मनगटाला जिथे मिळते, तिथे ठेवलं. तिथे हाडाचा एक छोटा उंचवटाही दिसत होता, जणू अंगठा मुळापाशी किंचित बाहेर सरकलाय.

अंगठ्याच्या मुळाशी असलेला हा सांधा घोड्यावरच्या खोगिरासारखा असतो. मनगटातलं एक छोटं हाड हे खोगीर आणि त्यावर अंगठ्याचं पहिलं हाड दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेलं. त्यामुळे अंगठा पुढे-मागे आणि आडवाही फिरतो, समोर येऊन प्रत्येक बोटाला टेकतो. पण बैठक उथळ आहे. स्वार पडू नये म्हणून धरून ठेवायचं काम मुख्यतः आजूबाजूच्या बंधांकडे आणि स्नायूंकडे असतं. वयानुसार हे बंध सैल पडतात, कूर्चा झिजते, आणि बायकांमध्ये हे पाळी गेल्यानंतर जास्त दिसतं.

आता चिमटीचा हिशोब. अंगठ्याच्या टोकाने काहीतरी धरून दाबलं, तर टोकावर जेवढा जोर, त्याच्या सुमारे १२ पट भार मुळाशी पडतो, असं जोरांचं गणित मांडणाऱ्यांनी काढलं आहे. अंगठा ही लांब दांडी आहे आणि तिला ओढणारे स्नायू मुळाजवळ चिकटलेले असतात. टोकाला थोडा दाब हवा तरी त्यांना खूप ओढावं लागतं आणि तो सगळा ताण सांध्यावर येऊन बसतो. म्हणजे सुई ओढताना एक किलोचा चिमटा घेतला, तर खालच्या सांध्यावर बारा किलो. ते दिवसातून किती वेळा होतं, हे बाईंनी मोजलं नव्हतं. मीही आधी विचारलं नाही, आणि तिथेच माझं चुकत होतं.

कारण बाईंचा सगळा राग कणकेवर होता. मी त्यांना परात आणायला लावली आणि अर्धा किलो पीठ भिजवायला सांगितलं. मळताना त्या तळहाताच्या टाचेने आणि मुठीने दाबत होत्या, अंगठा बोटांना चिकटून होता. ते ठीकच होतं. गडबड नंतर दिसली. कणकेसह परात उचलताना त्यांनी तिचा काठ अंगठा आणि चार बोटांच्या चिमटीत पकडला. उंडे तोडतानाही अंगठ्याचं टोक रुतवून कणीक फोडत होत्या. परात दोन्ही तळहातांवर घ्यायची, उंडा सुरीने किंवा वाटीच्या कडेने तोडायचा. एवढ्यावर अर्ध्या तक्रारी थांबल्या.

मळण्याचा वेळही कमी होतो. गव्हाची कणीक कोमट पाण्यात नुसती गोळा करायची, ओल्या कापडाखाली वीस मिनिटं ठेवायची. तेवढ्यात पीठ आपसूक पाणी पितं, चिकटपणा तयार होतो आणि मग दोन-तीन मिनिटांत काम भागतं. ज्वारीला हा नियम लागू नाही. तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळतं पाणी घालून उकड काढायची आणि हात जेमतेम निवल्यावर तळहाताच्या टाचेने मळायचं. अंगठ्याचं टोक पिठात रुतवायचं नाही, एवढं पथ्य.

खरा चोर शिवणात होता. मशीनवर नाही, मशीन चालवताना अंगठा फारसा दबत नाही. हेमिंग आणि हुक यांत. हूक लावताना सुई जाड पट्टीच्या तीन-चार थरांतून जाते, अडते, आणि तिला अंगठा-तर्जनीने चिमटून उपटावं लागतं. एका ब्लाउजला पाच हुक, एकेकाला सहा-सात टाके. चार ब्लाउज झाले की शे-दीडशे चिमटे, तेही फक्त हुकांचे. सुई बोथट असेल तर प्रत्येक चिमटा जास्त जोराचा. मी त्यांना फुटलेल्या फुग्याचा एक तुकडा दिला. तो सुईभोवती धरून ओढला की रबर पकडतं, बोटांना दाबावं लागत नाही. दोऱ्याला मेण लावायचं, मधल्या बोटात अंगुस्तान घालून सुई ढकलायची. कापायची कात्री उचलून धरण्याऐवजी खालचं पातं टेबलावर टेकवून चालवायची, आणि धार लावून घ्यायची. बोथट कात्रीची किंमत अंगठा चुकवतो. एका वेळी दोनच थर कापायचे.

आणखी एक: दुखतं म्हणून त्या सकाळी स्पंजचा चेंडू दाबत होत्या. कुणी तरी सांगितलं होतं. सैल झालेल्या सांध्यावर जोरात चिमटा घेण्याचा सराव केला, तर हाड बाहेर सरकायलाच मदत होते. त्याऐवजी अंगठा आणि तर्जनीचा इंग्रजी 'सी' आकार धरायचा, पेला धरल्यासारखा, आणि तर्जनी अंगठ्याच्या बाजूला, दुसऱ्या हाताच्या विरोधात, हळूच ढकलायची. पाच सेकंद, दहा वेळा. दोघांच्या मधल्या घळीतला स्नायू हाडाला जागेवर खेचतो. दुखलं तर कमी करायचं.

पट्टा लागतोच, पण तोही नेमका. मनगटभर जाड पट्टा घातला तर शिवणच बंद होतं. अंगठ्याच्या मुळाभोवती बसणारा, टोक आणि मनगट मोकळं ठेवणारा छोटा पट्टा हवा. तो शिवताना घालायचा, कणीक मळताना काढायचा; पिठाने माखला की बाया तो कायमचा टाकून देतात, हा अनुभव आहे. रात्री दुखत असेल तर रात्रीही घालावा.

अंगठ्याजवळचं सगळं दुखणं हे नव्हे. मुळाच्या वर, मनगटाच्या कडेला दुखत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ येत असेल, तर स्नायुरज्जूंचं आवरण सुजलेलं असू शकतं. रात्री बोटं बधिर होत असतील तर नस दबली असू शकते. दोन्ही हातांचे पुष्कळ सांधे सुजून सकाळी तासाहून जास्त वेळ आखडत असतील, तर तो संधिवात वेगळा, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे लवकर जावं.

दुखण्यावर आधी जेल किंवा मलम. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. सांध्यात इंजेक्शन दिलं तर आराम काही आठवडे, कधी काही महिने पडतो, काहींना अजिबात नाही. शस्त्रक्रियेत बहुधा ते खोगीरहाडच काढतात. दुखणं जातं, पण हात पूर्ववत व्हायला अनेक महिने लागतात. शिवणाऱ्या बाईने घाईने तिकडे जाऊ नये, असं माझं मत. आणि एक्स-रे पाहून घाबरू नये, कारण चित्रात झीज भरपूर आणि दुखणं थोडं, असं नेहमी दिसतं. उलटंही.

तीन महिन्यांनी बाई आल्या. उंचवटा होता तिथेच होता. डबा उघडताना अजून कळ येते म्हणाल्या, पण रात्रीचं दुखणं थांबलंय. फुग्याचे तुकडे संपले होते, नवीन आणले होते. आणि शेजारच्या मुलीला हुक लावायला दिले होते, ब्लाउजमागे दहा रुपये.

"तुम्ही शिलाई वाढवलीत?" मी विचारलं.

"दहाच," त्या म्हणाल्या.