खोके कुठे उघडणार?

घर बदलताना सामानाची यादी बहुतेक घरांत केली जाते. पॅकर्सची माणसंही करतात, पण त्यांना फक्त नग मोजायचे असतात. ‘किचन सामान, 11 बॉक्स’ एवढं त्यांना पुरतं. रात्री नऊ वाजता गाळणी शोधणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

घोटाळा खोक्यावर लिहितानाच होतो. वस्तू जिथून उचलली त्या खोलीचं नाव खोक्यावर पडतं. खरं तर ती जिथे ठेवायची आहे, त्या खोलीचं नाव हवं.

ठाण्याहून नाशिकला निघालेलं एक चौकोनी कुटुंब घ्या. ठाण्यात पुस्तकं हॉलमध्ये होती, नाशिकला ती मुलीच्या खोलीत जाणार आहेत. मग त्या खोक्यांवर ‘मुलगी’ हवं, ‘हॉल’ नको. पुस्तकांची खोकी लहानच घ्यावीत. मोठं खोकं भरलं की उचलताना त्याचा तळ सुटतो. तळाशी पुस्तकं आणि वर उशा असं भरायलाही हरकत नाही, मात्र दोन्ही एकाच खोलीतलं हवं. उरलेल्या कोपऱ्यात न्हाणीघरातले मग कोंबले की गट मोडलाच.

स्वयंपाकघराला एवढंही पुरत नाही. तिथे कामानुसार गट करावे लागतात: चहाचं एक, पोळ्यांचं एक, फोडणी-मसाल्यांचं एक, आणि दिवाळीपर्यंत न लागणारे सोऱ्या-झारे वेगळे. खोक्यावर ‘स्वै 3/9’ असं लिहावं, म्हणजे स्वयंपाकघराच्या नऊपैकी तिसरं. वहीत त्याच आकड्यापुढे ‘पोळपाट, लाटणं, तवा, परात, पहिल्या दिवशी’ अशी नोंद ठेवावी. आतलं सगळं खोक्यावर लिहायची गरज नसते. मात्र खूण निदान दोन बाजूंना हवी. थर रचले की झाकणावरचं अक्षर दिसत नाही.

सगळ्यात खोडकर खोकं ‘इतर’ नावाचं. शेवटच्या तासाला कंटाळलेली माणसं चार्जर, पलंगाचे बोल्ट, औषधं, देवघरातली समई सगळं त्यात ओततात. पलंगाचे बोल्ट पिशवीत घालून पलंगाच्याच फळीला चिकटवावेत. औषधं आणि कागदपत्रं तर ट्रकमध्ये चढवूच नयेत. जे खरोखरच कुठल्या खोलीत बसत नाही, ते बहुधा रद्दीतच बसतं.

‘पहिल्या दिवशी’ अशी नोंद असलेली खोकी ट्रकमध्ये शेवटी चढवायला सांगावीत, म्हणजे ती आधी उतरतात. नव्या घराच्या दारांवर हीच नावं आधीच चिकटवली असली, तर हमाल दर खेपेला ‘हे कुठे?’ असं विचारत नाहीत. सामान दुसऱ्या कुटुंबाच्या सामानासोबत एकाच ट्रकमधून येणार असेल, तर खोक्यावर आडनावही घालावं.

पोच पावतीवर सही करण्याआधी प्रत्येक खोलीत उभं राहून आकडे वाचा. स्वयंपाकघरात 1 ते 9 मधला 6 दिसत नसेल, तर तो ट्रक जायच्या आत शोधा.