दात आले की दात आलेत? ब्राह्मणग्रंथांतले भूतकाळ

हा मागच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना मी दोनतीनदा अडखळलो होतो, तेवढं इथे सरळ केलंय. संस्कृतची रूपं कानाने पकडणं अवघड जातं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून या वेळी ती नीट लिहून देतोय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. दिवसभर ऑफिसात कोड लिहायचा आणि रात्री संस्कृत वाचायचं, असा माझा उद्योग चालतो. एका रविवारी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. क्रियापदाचं रूप दिलं की ते कुठल्या काळातलं आहे हे तिने सांगायचं. संस्कृतमध्ये भूतकाळाची रूपं तीन. शाळेत आपण ज्याला 'प्रथम भूतकाळ' म्हणायचो तो लङ्. दुसरा लिट्, म्हणजे परोक्ष भूतकाळ. तिसरा लुङ्. इंग्रजी पुस्तकांत लिट्ला पर्फेक्ट आणि लुङ्ला एओरिस्ट म्हणतात. मी विचार केला, तिन्ही भूतकाळच तर आहेत, कशाला वेगळे ठेवायचे? टाकले एकाच डब्यात.

```
जज्ञे -> PAST
अजनि -> PAST
```

दोन्ही रूपं एकाच धातूची, 'जन्'ची. दोन्हींचा अर्थ मी 'जन्मला' असा घेतला. मग ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची गोष्ट वाचायला घेतली, आणि तिथे माझ्या स्क्रिप्टने गोष्टीचा जीवच काढून घेतला.

आधी ही रूपं ओळखायची कशी ते सांगतो. 'गेला' या अर्थाचे तीन शब्द घ्या: अगच्छत्, अगमत्, जगाम. पहिला लङ्. 'गच्छति'मधलं 'गच्छ' तसंच ठेवून पुढे 'अ' लावलाय. दुसरा लुङ्. त्यालाही पुढे 'अ' आहे, पण 'गच्छ' गायब, थेट 'गम्' आला. तिसरा लिट्. त्यात सुरुवातीचं अक्षर दुणावतं, गम् वरून जगाम. अपवाद भरपूर आहेत, पण आजच्यापुरतं एवढं पुरे.

आता गोष्ट. हरिश्चंद्र राजाला मुलगा नाही. नारदाच्या सल्ल्याने तो वरुणाला नवस करतो, की मला मुलगा होऊ दे, त्याच मुलाने तुझा यज्ञ करीन. म्हणजे मुलाचाच बळी. मुलगा होतो, नाव रोहित. इथे कथा सांगणारा जे क्रियापद वापरतो ते 'जज्ञे', म्हणजे लिट्. लगेच वरुण हजर होतो आणि राजाला म्हणतो की तुला मुलगा झालाय, आता यज्ञ कर. वरुणाच्या तोंडी 'अजनि' आहे, म्हणजे लुङ्.

घटना एकच, धातू एकच, दोन रूपं लागोपाठ. एकदा असतं तर योगायोग म्हटलं असतं. पण राजा सबब सांगतो की पशू दहा दिवसांचा झाल्यावर यज्ञाच्या लायक होतो, तेवढं होऊ दे. दहा दिवस उलटतात. निवेदक म्हणतो 'आस', लिट्. वरुण येऊन म्हणतो 'अभूत्', लुङ्. राजा म्हणतो, दात येऊ देत. दात येतात. निवेदकाचं रूप 'जज्ञिरे', वरुणाचं 'अज्ञत'. राजा म्हणतो, दुधाचे दात पडू देत. ते पडतात. निवेदक म्हणतो 'पेदिरे', वरुण म्हणतो 'अपत्सत'. पुढे नवे दात येतात आणि पुन्हा तोच प्रकार.

हा फरक मराठी माणसाला समजायला खरं तर अगदी सोपा आहे, कारण तो आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. आजी गोष्ट सांगताना म्हणते, "मग त्या राजपुत्राला दात आले." पण घरातल्या बाळाच्या तोंडात बोट घालून आई ओरडते, "अहो, दात आलेत बघा!" पहिल्या वाक्यात गोष्ट पुढे सरकते. दुसऱ्यात आत्ता, या क्षणी, समोर काहीतरी बदललंय आणि त्याची बातमी दिली जातेय. ब्राह्मणग्रंथांच्या गद्यात लुङ् जवळजवळ नेहमी हे दुसरं काम करतो. म्हणून तो निवेदनात क्वचित आणि संवादात वारंवार सापडतो.

वरुणाचं प्रत्येक वाक्य म्हणजे वसुली आहे. "दात पडले" असं भाषांतर केलं तर तो नुसती माहिती देतोय असं वाटतं. "पडलेत दात, आता काय सांगशील?" हा त्याचा खरा सूर आहे, आणि त्या सुरात एका पोराचा जीव अडकलाय. माझ्या स्क्रिप्टने नेमका तोच सूर पुसला होता.

यज्ञाच्या कामकाजातही हेच दिसतं. दर्शपूर्णमास इष्टीच्या सुरुवातीला यजमान अग्नीला सांगतो की मी व्रत पाळणार आहे. तिथे क्रियापद 'चरिष्यामि'. शेवटी व्रत सोडताना म्हणतो 'अचारिषम्', म्हणजे पाळलंय. हा लुङ् आहे. त्याला इथे आठवण सांगायची नाहीये. काम पूर्ण झालं, आता मी मोकळा, असं तो कळवतोय. आमच्याकडे तिकीट बंद करताना लिहितात तसंच काहीसं.

मग लिट्चं काय? पाणिनी या तिघांची वाटणी अशी करतो: लुङ् सर्वसाधारण भूतकाळाला, लङ् आजच्या आधी घडलेल्याला, आणि लिट् आजच्या आधी घडलेल्या, पण बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या गोष्टीला. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. मराठीत हे काम आपण 'म्हणे' लावून करतो. साहजिकच प्रथमपुरुषी लिट् विचित्र वाटतो, कारण मी केलेलं मीच पाहिलं नाही असं कसं होईल? पतंजलीने महाभाष्यात यावर मस्त उदाहरण दिलंय. झोपेत किंवा नशेत बडबडलेला माणूस स्वतःबद्दल 'विललाप' म्हणू शकतो. मी बडबडलो म्हणे! तिथेच शाकटायन नावाच्या वैयाकरणाचा किस्सा आहे. तो रस्त्यावरच बसला होता, समोरून गाड्यांचा तांडा गेला आणि त्याला पत्ताच नाही. हेडफोन लावून लोकलमध्ये बसणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

पण इथे एक सावधगिरी. पाणिनीचा नियम घेऊन सगळे ब्राह्मणग्रंथ मोजायला गेलात तर फसाल. कृष्ण यजुर्वेदाच्या जुन्या गद्यात, म्हणजे तैत्तिरीय आणि मैत्रायणी संहितांत, देव-असुरांच्या गोष्टी लङ्मध्ये सांगितल्यात. त्या कुणी डोळ्यांनी पाहिल्या होत्या असं थोडंच आहे? खुद्द ऐतरेयात सुरुवातीच्या भागात कथनाला मुख्यतः लङ् आहे आणि शुनःशेपाची गोष्ट ज्या सातव्या पंचिकेत येते तिथे लिट्. म्हणजे लङ् की लिट् हे बऱ्याचदा ग्रंथाच्या वयावर आणि परंपरेवर ठरतं. लुङ्चं वेगळेपण मात्र या सगळ्या गद्यात चांगलं टिकून आहे. आणखी एक खड्डा: 'वेद' आणि 'आह' ही दिसायला लिट्ची रूपं, पण ब्राह्मणांत त्यांचा अर्थ वर्तमानातला, 'जाणतो' आणि 'म्हणतो'. ती भूतकाळात वाचली की अख्खं वाक्य उलटं पडतं.

आता महाभारतात या. तिथे ही शिस्त सैल झालीये. गीतेमुळे 'उवाच' सगळ्यांना पाठ असतं, तो लिट्. पण श्लोकांच्या आत 'अब्रवीत्'ही सतत येतं, तो लङ्. दोन्हींचा अर्थ 'म्हणाला'. या दोघांत परोक्ष-प्रत्यक्ष शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला आणि हाती काही लागलं नाही. लागलं ते छंद पाहिल्यावर.

अनुष्टुभाच्या दुसऱ्या आणि चौथ्या चरणात पाचवं अक्षर लघु, सहावं गुरु आणि सातवं लघु असावं लागतं. 'अब्रवीत्' म्हणजे गुरु-लघु-गुरु, कारण जोडाक्षरामुळे 'अ' जड होतो. ते सहा, सात, आठ या जागांवर अलगद बसतं आणि चरण संपतो. 'उवाच' म्हणजे लघु-गुरु-लघु. ते शेवटच्या तीन जागांवर बसत नाही, कारण सहाव्या जागी लघु येईल. एक घर मागे सरकवलं तर पाच, सहा, सात वर बरोबर बसतं, पण आठवी जागा रिकामी राहते. म्हणून तिथे 'ह' येतो, आणि चरणाच्या शेवटी 'उवाच ह' इतक्या वेळा दिसतं. क्रियापद कुठलं, हे इथे काळापेक्षा मात्रा ठरवतात.

लुङ्चंही तेच झालं. आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात धृतराष्ट्र संजयापुढे शोक करतो. द्रौपदीच्या स्वयंवरापासून युद्धापर्यंतची एकेक बातमी आठवत तो म्हणत राहतो की जेव्हा हे ऐकलं तेव्हाच मी विजयाची आशा सोडली. त्यातलं 'ऐकलं' म्हणजे 'अश्रौषम्'. हा लुङ् आहे आणि श्लोकामागून श्लोकात येतो. यातल्या कित्येक बातम्या वर्षानुवर्षं जुन्या आहेत. ब्राह्मणांच्या गद्यात अशा जागी 'अशृणवम्' हा लङ् अपेक्षित असता. वरुणाच्या 'अपत्सत'मध्ये जो ताजेपणा होता, तो इथे उरलेला नाही. लुङ् हा कथनाचा आणखी एक भूतकाळ झालाय.

एका जागी मात्र लुङ् तग धरून राहिला: नकारार्थी आज्ञेत. 'मा' या शब्दापुढे लुङ्चा 'अ' गळतो. शोक करू नकोस याला 'मा शुचः'. ही रचना वैदिक गद्यात आहे आणि महाभारतातही आहे, फक्त महाभारतात 'मा'बरोबर इतर रूपंही चालतात.

मग "आत्ताच झालंय" हे सांगायचं काम कुणाकडे गेलं? गीतेच्या शेवटी संजय म्हणतो की मी हा संवाद ऐकला, तिथे 'अश्रौषम्'. लगेच पुढच्या श्लोकात तेच ऐकणं 'श्रुतवान्' असं येतं. हे क्रियापदाचं रूप नाही, धातूपासून केलेलं विशेषण आहे. हीच विशेषणं, गत, कृत, श्रुत, पुढे प्राकृतांत भूतकाळाचा बराचसा भार उचलू लागली. आपलं 'गेला' हे 'गत'च्या वाटेने आलंय. म्हणूनच ते विशेषणासारखं बदलतं: तो गेला, ती गेली, ते गेले. 'जगाम' असं बदलत नाही, बाई असो की बुवा.

स्क्रिप्टमध्ये आता तीन डबे आहेत. शिवाय ग्रंथाचं नाव दिल्याशिवाय ती अर्थ सांगत नाही.