33 दरवाजे उघडले, पण किती?
(लेखमाला : गावाचा चॅनेल, भाग 7)

गेल्या आठवड्यात शीर्षक लिहून झालं. शोधणारा माणूस यूट्यूबच्या चौकटीत जे शब्द टाकतो, ते शीर्षकात आणि शक्यतो सुरुवातीलाच यावेत, हे आपण पाहिलं. आता त्या शीर्षकाला लागून दिसणारं चित्र, म्हणजे थंबनेल, आणि त्या चित्रावरची अक्षरं.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. पावसाळ्यात पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की यूट्यूबवर व्हिडिओंची रांग लागते. अशा व्हिडिओचं शीर्षक बहुतेक वेळा असं असतं : ‘गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले’. शीर्षक म्हणून यात काही वावगं नाही. लोक ‘गोसेखुर्द धरण’ असंच शोधतात आणि तेच शब्द पुढे आहेत. गडबड चित्रावर होते. फेसाळणाऱ्या पाण्याच्या फोटोवर पिवळ्या जाड अक्षरांत पुन्हा तेच वाक्य चढवलेलं असतं : ‘गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले’. मोबाइलवर चित्र वर आणि शीर्षक लगेच खाली, म्हणजे एकच ओळ दोनदा वाचायची. त्यातली वरची तर फोटोतला अर्धा देखावाही झाकून टाकते.

असं का करतात? शोधाचा शब्द जितक्या ठिकाणी लिहू तितका व्हिडिओ वर येईल, असा एक समज आहे. पण शोधात व्हिडिओ जुळवताना यूट्यूब शीर्षक, वर्णन आणि व्हिडिओत खरोखर काय आहे, हे बघतं. चित्रावरची अक्षरं माणसाच्या डोळ्यासाठी असतात. शोधाचं काम शीर्षकाने आधीच केलेलं असतं. यादीत आठ-दहा व्हिडिओ एकाखाली एक आले, सगळ्यांत धरण तेच आणि पाणीही तसंच, की बोट कुठे थांबेल हे चित्र ठरवतं.

मग चित्रावर काय लिहायचं? त्यासाठी बघणारा कोण, हे आधी धरा. धरणाच्या खालच्या अंगाला लाखांदूर, ब्रह्मपुरी, देसाईगंजकडची नदीकाठची गावं आहेत. तिथल्या माणसाला दरवाजे उघडल्याचं शीर्षकातून कळलं. त्याचा पुढचा प्रश्न ‘किती?’ हा असतो. 33 हा आकडा मोठा वाटतो, पण धरणाला दरवाजेच एकूण 33 आहेत. सगळे उघडले तरी अर्धा मीटर उचलले की दोन मीटर, यावर खाली जाणारं पाणी पार बदलतं. बातमीतही ‘अर्ध्या मीटरने’ हे शब्द असतात, फक्त ते तिसऱ्या-चौथ्या वाक्यात पडलेले असतात. तेच उचलून चित्रावर ठेवा : ‘0.5 मीटर’. शीर्षक सांगतं काय झालं, चित्र सांगतं किती झालं. दोन्ही मिळून एक पूर्ण बातमी होते आणि एकही शब्द दोनदा येत नाही.

धरणाच्या वरच्या अंगाला भंडारा शहर आणि कारधा. तिथल्या माणसाची काळजी वेगळी. ऑगस्ट 2020 मध्ये मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी वैनगंगेने आलं आणि भंडारा शहरात शिरलं, ते लोक विसरलेले नाहीत. त्यांना गोसेचे दरवाजे किती उचलले यापेक्षा आपल्याकडची नदी चढतेय की उतरतेय, हे हवं असतं. तुमच्या व्हिडिओत कारधा पुलाचं चित्रण असेल तर फोटो पुलाचा घ्या आणि लिहा : ‘कारधा पूल बंद?’ किंवा, उत्तर पक्कं माहीत असेल तर, सरळ ‘कारधा पूल बंद’. मला दुसरं अधिक आवडतं. पुराच्या बातमीत प्रश्नचिन्ह लावून माणसाला आत ओढणं बरं नाही.

‘महापूर!’ या शब्दाचंही तेच. अर्ध्या मीटरच्या विसर्गावर तो लिहिला तर क्लिक मिळतील, पण पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस परत फिरेल, आणि खालच्या एखाद्या गावात उगाच धावपळ होईल ती वेगळी.

आता अक्षरांकडे येऊ, कारण इथे मराठीची अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. थंबनेल 1280 बाय 720 पिक्सेलचं बनवतात, पण शोधाच्या यादीत ते अंगठ्याएवढं दिसू शकतं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांट्या आणि रफार, तर खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर जाऊन बसतात. जोडाक्षरं लहान झाली की त्यांचा ठिपका होतो. ‘अर्ध्या’ लिहून बघा : रफार, अर्धा ध, य आणि काना, सगळं एका जागी कोंबलेलं. म्हणूनच मी वर ‘0.5 मीटर’ सुचवलं. ‘गोसेखुर्द’मध्येही खाली उकार आणि वर रफार आहे, चित्रावर तो शब्द टाळण्याचं हे आणखी एक कारण. शब्द निवडताना अर्थाबरोबर आकारही बघा : ‘पूल बंद’, ‘पाणी चढतंय’, ‘गाव सावध’ हे लांबूनही वाचता येतात. दोन-तीन शब्द, शक्यतो एकाच ओळीत. उजवा खालचा कोपरा रिकामा सोडा, तिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं आणि तुमचं शेवटचं अक्षर त्याखाली जातं.

एक शब्द मात्र पुराच्या व्हिडिओवर कधीच नको : ‘आज’. ही चित्रं पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात पुन्हा वर येतात. जुना व्हिडिओ, वर मोठ्ठं ‘आज’, आणि बघणारा नातेवाइकांना पुढे पाठवून मोकळा. तारीख शीर्षकाच्या शेवटी वर्षासह घाला. शीर्षकाला 100 अक्षरांची मुभा असते, तिथे जागा आहे. चित्रावर ती जागा नाही.

तयार झाल्यावर तपासणी अशी करा. आधी हाताने शीर्षक झाकून फक्त चित्र बघा : ‘0.5 मीटर’ आणि दरवाज्यातून पडणारं पाणी. कशाबद्दल आहे याचा अंदाज यायला हवा, पूर्ण कळायला नको. मग चित्र झाकून फक्त शीर्षक वाचा. त्यातून विषय कळायला हवा. शेवटी दोन्ही एकापाठोपाठ मोठ्याने वाचा. वाचताना जीभ त्याच शब्दावर दुसऱ्यांदा आली, तर तो शब्द चित्रावरून काढा.

यूट्यूबवर एकाच व्हिडिओची तीन थंबनेलं आपापसांत तपासायची सोय आहे. निकाल ती क्लिकवर न लावता कोणत्या चित्राने जास्त वेळ बघितलं गेलं यावर लावते, हे चांगलं आहे. पण निकाल यायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडे जातात, आणि तोवर पूर ओसरून गेलेला असतो. तेव्हा ती सोय ‘गोसेखुर्द धरण कसं बांधलं’ अशा वर्षभर चालणाऱ्या व्हिडिओसाठी वापरा. पुराच्या व्हिडिओचं चित्र दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन हाताने बदला. क्लिकचं प्रमाण बघताना ‘यूट्यूब शोध’मधून आलेले लोक वेगळे काढा, कारण होमपेजवर सहज दिसलेल्या चित्राला मिळणारे क्लिक आणि मुद्दाम शोधून आलेल्या माणसाचे क्लिक यांची तुलना होत नाही. शोधातले क्लिक वाढले आणि सरासरी बघण्याचा वेळ मात्र घसरला, तर चित्राने व्हिडिओत नसलेलं काहीतरी कबूल केलं आहे. अशा वेळी रंग किंवा फॉन्ट बदलत बसू नका, शब्द बदला.

पुढच्या भागात वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी.