ओलावामापकाच्या आकड्याची पारख

मेडशी (जि. वाशिम) भागातील काळी माती ओली असता फुगते व वाळली की भेगाळते. अशा मातीच्या कुंड्यांतील संत्र्याच्या कलमांना ओलावामापकाच्या साहाय्याने आपोआप पाणी देताना पंप केवळ आकडा पाहून सुरू होतो. आकडा खोटा निघाल्यास पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून आकड्याची पारख आधी करावी.

दोन पायांचा साधा मापक या पायांमधील मातीतून वीज किती सहज वाहते हे मोजतो. आर्डुइनो पाटीवर त्याचा आकडा ० ते १०२३ या दरम्यान येतो. या प्रकारच्या बहुतेक मापकांत कोरड्या मातीत आकडा मोठा व ओल्या मातीत लहान येतो.

प्रथम कुंडीतीलच माती उन्हात पूर्ण वाळवून, ढेकळे फोडून भांड्यात दाबून भरावी. मापक ठराविक खुणेपर्यंत रोवून दहा आकडे घ्यावेत व चढत्या क्रमाने लावून मधला टिपावा. नंतर तीच माती तळाशी छिद्रे असलेल्या कुंडीत भरून पूर्ण भिजवावी, एक दिवस निथळू द्यावी आणि पुन्हा तसेच करावे. समजा, कोरडा आकडा ९३० व ओला ३३० आला. पुढे ६३० दिसल्यास ९३० वजा ६३० म्हणजे ३००. त्यास ६०० ने भागता निम्मे येते. हे निम्मे म्हणजे मातीत निम्मे पाणी नव्हे. ते केवळ दोन टोकांमधील स्थान होय. म्हणून पंपाचा आकडा हाताने ठरवावा. मूठभर माती दाबल्यावर गोळा होईना, त्या वेळचा आकडा पंप सुरू करण्यासाठी धरावा. पायाजवळ भेग पडल्यास आकडा उगाच मोठा येतो. तेव्हा माती दाबून पुन्हा मोजावे. खताचे पाणी दिल्यावर आकडा उगाच लहान येतो.

मापकास वीज सतत दिल्यास धन बाजूच्या पायाचा धातू मातीत विरघळतो. पाय हिरवट वा काळा पडतो, माती ओली असूनही आकडा रोज चढतो आणि पंप विनाकारण चालतो. उपाय हा की, मापकाची विजेची तार ५ व्होल्टच्या जागी ७ क्रमांकाच्या पिनला जोडावी, आरंभी ती पिन `pinMode(7, OUTPUT);` अशी ठरवावी व तासातून एकदाच मोजण्यापुरती वीज द्यावी :

```
digitalWrite(7, HIGH);
delay(100);
int v = analogRead(A0);
digitalWrite(7, LOW);
```

तारेचा सांधा मातीवर ठेवून त्यास नखरंगाचा लेप द्यावा. पायांना मात्र लेप लावू नये. नवा मापक विहिरीच्या पाण्याच्या पेल्यात त्याच खुणेपर्यंत बुडवून आकडा वहीत लिहावा. दर पंधरा दिवसांनी पाय पुसून त्याच विहिरीच्या पाण्यात तो ताडून पाहावा. आकडा बराच चढला असल्यास मापक बदलावा व नव्या मापकाचे कोरडे-ओले आकडे पुन्हा काढावेत. जुने आकडे त्यास लागू पडत नाहीत.