निवेदकाच्या हाती जाणारी संहिता

जुलाबावरच्या ध्वनिफितीची संहिता डॉक्टर, भाषा-संपादक आणि निर्माता अशा तिघांकडून तपासून येते. मूळ वाक्य असतं, ‘ओआरएसचं पाकीट पाण्यात मिसळा.’ डॉक्टर ‘एक लिटर’ घालतात. निर्माता वेळ वाचवायला तेच खोडतो. इथे बहुमत बघायचं नाही. प्रमाण चुकलं तर बाळाला अपाय होतो, म्हणून मजकुराच्या अचूकतेवर डॉक्टरांचा शब्द अखेरचा. सेकंद वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत.

आधी मूळ प्रत जपून ठेवावी. मग प्रत्येक दुरुस्ती स्वीकारावी किंवा नाकारावी. शेरा मात्र निर्णय वाक्यात उतरल्यावरच मिटवावा. ‘हे सोपं करा’ला ‘हो’ म्हटलं, तरी वाक्य तसंच राहिलेलं असू शकतं.

सगळ्यात फसवी सोय म्हणजे वर्डमधलं No Markup. त्यात पान स्वच्छ दिसतं, पण दुरुस्त्या फक्त लपतात. दुसऱ्या संगणकावर त्या पुन्हा उमटतात आणि निवेदक खोडलेला शब्दही वाचून टाकतो. म्हणून All Markup लावून एकही खूण उरली नाही ना, ते पाहावं. मग संहिता मोठ्याने वाचावी. दोघांच्या दुरुस्त्या जुळताना आलेलं ‘पाण्यात पाण्यात’ डोळ्यांना चकवतं, जिभेला नाही.