पाणी मुरतंय कुठे?

गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एखाद्या वाडीचं उदाहरण घेऊ. फायबर अजून तिथवर पोचलेलं नाही. घरमालकाने पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात आणि गच्चीवर लोखंडी पाइपाला एक छोटी डिश लावून घेतली आहे. समोर चार किलोमीटरवर टेकडी, टेकडीवर नेटवाल्याचा टॉवर. मधे तार नाही, फक्त ५.८ गीगाहर्ट्झच्या रेडिओलहरी. आर्द्रा नक्षत्रात पावसाने झोडपून काढलं, तरी नेट सुरळीत चाललं. श्रावण लागला, दुपारचं लख्ख ऊन पडलं आणि नेट बसलं.

“अहो, धो धो कोसळत होता तेव्हा चालू होतं, आता ऊन पडलंय तर बंद कसं?” मालक फोनवर विचारतो. “पावसाळ्यात रेंज जातेच, उद्या माणूस पाठवतो,” असं पलीकडून उत्तर येतं. यातला प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र चुकीचं.

हवेतला पाऊस या लहरींचं फारसं काही बिघडवू शकत नाही. ५.८ गीगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे पाच सेंटिमीटर असते. पावसाचा मोठ्यात मोठा थेंबही पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. त्यामुळे लहर थेंबांना फारशी दाद न देता निघून जाते. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस ओतत असला, तरी किलोमीटरमागे जेमतेम एक डेसिबलची घट येते. दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते, हा हिशेब लक्षात ठेवला तर एक डेसिबल किती किरकोळ, ते कळतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे सरासरी तासाला ३९. एवढ्या पावसात ही घट किलोमीटरला पाव डेसिबलही भरत नाही. नीट बसवलेल्या जोडणीत पंधरा-वीस डेसिबल शिल्लक हाताशी ठेवलेली असते.

‘पावसाने रेंज जाते’ हा समज अगदीच खोटा नाही. टॉवर ते टॉवर जोडणाऱ्या १८ गीगाहर्ट्झच्या लहरी तासाला १०० मिलिमीटरच्या पावसात किलोमीटरमागे दहा डेसिबल गमावतात. गच्चीवरच्या डिशला मात्र ती सबब लागू पडत नाही.

मग पाणी मुरतंय कुठे? शब्दशः सांध्यात.

अशा डिशला बहुधा दोन वाटा असतात, एक उभ्या आणि एक आडव्या लहरींची. रेडिओच्या डबीतून दोन वीतभर केबली निघतात आणि डिशच्या पाठीवर दोन कनेक्टरांत अडकतात. यंत्राच्या पानावर या वाटा `Chain 0` आणि `Chain 1` म्हणून दिसतात. वाडीतल्या या डिशवर एरवी दोन्हींपुढे `-60 dBm` असायचं. श्रावणातल्या त्या दुपारी एकीपुढे `-61` आणि दुसरीपुढे `-74` दिसतं. खरं निदान इथेच होतं. पाऊस पक्षपात करत नाही. हवेतल्या पाण्याने घट झाली असती तर ती दोन्ही वाटांवर जवळपास सारखी दिसली असती. चार किलोमीटरला ती चारच्या आतच राहिली असती आणि पाऊस थांबताच भरून निघाली असती. इथे एकच वाट चौदा डेसिबलने खाली आली आहे. शक्तीचा जेमतेम पंचविसावा हिस्सा उरलाय आणि तोही कोरड्या हवेत. म्हणजे त्या वाटेच्या केबलीत किंवा कनेक्टरात पाणी आहे.

कनेक्टर उघडला की ते दिसतंही. पितळी चुडीच्या आत पाण्याचा टिपूस, चकाकी गेलेली जाळी आणि मधल्या पिनेवर हिरवट डाग. केबलीतलं प्लॅस्टिक लहरींना सहज वाट देतं, पाण्याचा विद्युत गुणधर्म त्याहून तीसेक पटींनी वेगळा. म्हणून पाण्याशी पोचलेली लहर थोडी मागे परतते आणि बरीचशी तिथेच जिरते. शिवाय तांब्याची विणलेली जाळी समईच्या वातीसारखी वागते, ओल तोंडाशी न थांबता केबलीत आतवर चढत जाते. म्हणूनच नुसतं पुसून पुन्हा टेप गुंडाळणारा माणूस दहा दिवसांनी परत येतो. खरी दुरुस्ती म्हणजे केबल बदलणं किंवा कोरडं तांबं लागेपर्यंत ती कापून नवा कनेक्टर लावणं.

आषाढात न शिरलेलं पाणी श्रावणात कसं शिरलं? ऊन-पावसाच्या खेळामुळे. उन्हाने डबी ५० अंशांवर तापते, आतली हवा फुगून फटीतून बाहेर पडते. तोच सर येते आणि डबी झर्रकन २५ अंशांवर उतरते. आतली हवा आठ टक्क्यांनी आकसते आणि बाहेरची हवा ओढून घेते. फटीच्या तोंडाशी पाण्याचा थेंब असेल तर हवेऐवजी तोच आत जातो. दिवसातून चार वेळा ऊन-पाऊस झाला तर डबीने चार घोट घेतले असं समजावं. संततधारेत तापमान फारसं हलत नाही, त्यामुळे ही पिचकारी चालत नाही.

त्यातून साधी काळी प्लॅस्टिकची टेप मे महिन्याच्या उन्हात गोंद सोडते. तिच्या सुटलेल्या घडीत पाणी साठतं आणि तीच सांध्याला ओलं फडकं बांधल्यासारखी वागते. अशी टेप नसलेलीच बरी. त्याऐवजी स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप वापरतात. ती दुपटीइतकी ताणून, खालून वर गुंडाळायची, म्हणजे वरचा प्रत्येक पदर खालच्यावर चढतो. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. कौलंही वळचणीकडून आढ्याकडेच चढवत नेतात. शिरक्यासारखा वास मारणारं सिलिकॉन मात्र कनेक्टरला लावू नये, त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. डबीच्या तळाचं बारीक भोकही बुजवू नये. ते पाणी बाहेर जाण्यासाठीच असतं.

दुसरी दुखरी जागा खाली असते. गच्चीवरच्या रेडिओला वीज आणि डेटा एकाच केबलीतून जातात. अनेक साध्या यंत्रांत २४ व्होल्टची वीज जॅकच्या चौथ्या-पाचव्या पिनेवर धन आणि सातव्या-आठव्या पिनेवर ऋण अशी खेळते. त्यात समुद्राची खारी ओल शिरली की धन पिनांचं तांबं विरघळू लागतं आणि हिरवा थर धरतो. सिग्नल ठणठणीत, पण जोडणी १०० मेगाबिटवरून १० वर उतरलेली किंवा दर तासाला तुटणारी, असं दिसलं तर डिशकडे नव्हे, या जॅककडे बघावं. केबलीचं वरचं आवरण उन्हाने तडकलेलं असेल, तर पाणी आतल्या आत उतरून थेट घरातल्या ॲडॅप्टरमधून ठिबकतं. म्हणून केबल घरात शिरण्याआधी भिंतीबाहेर तिला खाली लोंबता वळसा द्यायचा. बाहेरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडतं.

वाडीतल्या मालकाने फोन करताना तीन गोष्टी सांगाव्यात: नेट पावसात गेलं की पाऊस थांबल्यावर, किती वेळाने परतलं, आणि दोन्ही `Chain` पुढचे आकडे काय आहेत. गडगडाट चालू असताना मात्र गच्चीवर चढू नये. मृग ७ जूनच्या आसपास लागतो; केबल आणि कनेक्टर हाडासारखे कोरडे असतात तेव्हाच, म्हणजे मे महिन्यात, टेप बदलून घ्यावी.