कॉम्पोझिशनच्या दुकानदाराने कोणते बिल द्यावे?

बाजारात बिलाचे दोनच प्रकार बोलले जातात, कच्चे बिल आणि पक्के बिल. जीएसटी कायद्यात मात्र हे शब्द नाहीत. तिथे टॅक्स इन्व्हॉइस आहे आणि बिल ऑफ सप्लाय आहे. स्टेशनरीच्या दुकानात छापील मिळणारे कॅश मेमोचे पुस्तक तर या दोन्हींपेक्षा वेगळीच गोष्ट आहे. यातले कोणते द्यायचे याचा गोंधळ सर्वात जास्त होतो तो कॉम्पोझिशन योजनेतल्या लहान दुकानदाराचा. मराठी कागदपत्रांत हिलाच आपसमेळ योजना म्हणतात. गिऱ्हाईक म्हणते ‘जीएसटीचे बिल द्या’, दुकानदाराकडे जीएसटी नंबर असतो, म्हणून तो कर दाखवून बिल फाडून देतो. पुढच्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

बिल कशावरून ठरते?

बिलाचा प्रकार गिऱ्हाइकाच्या मागणीवरून ठरत नाही. विकणाऱ्याची जीएसटीमध्ये नोंदणी कशी आहे, त्यावरून तो ठरतो.

नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असेल, म्हणजे गिऱ्हाइकाकडून कर वसूल करून, खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करून बाकी सरकारकडे भरत असाल, तर करपात्र मालावर टॅक्स इन्व्हॉइस द्यायचे. त्यात मालाची किंमत वेगळी आणि कर वेगळा दिसतो.

कॉम्पोझिशनमध्ये असाल तर बिल ऑफ सप्लाय द्यायचे. त्यात कराचा रकाना नसतो, एकच रक्कम असते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १० नुसार या योजनेतल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. कलम ३१ त्याला टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय द्यायला सांगते.

नोंदणीच नसेल तर साधा कॅश मेमो चालतो. महाराष्ट्रात फक्त मालाचा व्यापार करणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी सक्तीची होते. त्याआधी तो कॅश मेमो देऊ शकतो, पण त्यावर कर लावू शकत नाही.

नोंदणी झालेल्या दुकानदाराने पुस्तकावर ‘कॅश मेमो’ छापले म्हणून तो सुटत नाही. कायदा बिलातला मजकूर बघतो. बिल ऑफ सप्लायचा सगळा तपशील आणि ते नाव त्यावर असेल, तर सोबत ‘कॅश मेमो’ लिहिल्याने बिघडत नाही. तपशील नसेल तर ते बिल अपुरे ठरते.

एका वायरच्या बंडलाचा हिशेब

समजा, नागपुरात इलेक्ट्रिक सामानाचे एक दुकान आहे. वर्षाची उलाढाल २५ लाख आहे, पण मालकाने स्वतःहून नोंदणी करून कॉम्पोझिशन घेतली आहे. महाराष्ट्रात आधीच्या वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर माल विकणाऱ्याला ही योजना घेता येते. व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर १ टक्का कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

त्याने ठोक व्यापाऱ्याकडून वायरचे बंडल १,००० रुपयांना घेतले. त्यावर १८ टक्के म्हणजे १८० रुपये कर भरला. हा कर परत मिळणार नाही, म्हणून त्याची खरी खरेदी १,१८० रुपयांची. तो ते १,४०० रुपयांना विकतो. बिल ऑफ सप्लायवर फक्त १,४०० लिहितो. त्याचा १ टक्का म्हणजे १४ रुपये तो भरतो. हातात राहतात २०६ रुपये.

आता शेजारी नेहमीच्या नोंदणीचे दुकान आहे. तोही बंडल १,००० अधिक १८० ला घेतो, पण त्याला १८० ची वजावट मिळते. तो १,२०० वर २१६ कर लावून १,४१६ ला विकतो आणि त्याला २०० रुपये सुटतात. घरची वायरिंग करणाऱ्या माणसाला कॉम्पोझिशनचे दुकान १६ रुपयांनी स्वस्त पडते.

पण गिऱ्हाईक जर जीएसटी नोंदणी असलेला ठेकेदार असेल, तर हिशेब उलटतो. शेजाऱ्याकडे तो १,४१६ देतो, त्यातले २१६ त्याला वजावटीत मिळतात, बंडल १,२०० ला पडते. कॉम्पोझिशनच्या दुकानात त्याला पूर्ण १,४०० पडतात. म्हणून तोच आग्रह धरतो की मला जीएसटीचे बिल पाहिजे.

इथेच चूक होते

गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून काही दुकानदार रक्कम तीच ठेवतात आणि तिची फोड करून देतात: माल १,१८६.४४, कर २१३.५६, एकूण १,४००. दुकानदाराला वाटते, आपण जास्त पैसे तर घेतले नाहीत.

कागदावर मात्र त्याने २१३.५६ रुपये कर म्हणून वसूल केले आणि भरले १४. कर म्हणून घेतलेली रक्कम सरकारकडे जमा करावीच लागते. ती भरली तर २०६ रुपयांचा नफा त्यातच संपतो आणि वर खिशातून जातात. तीन महिन्यांत भरली नाही, तर कलम १२२ खाली दंड आहे: १० हजार रुपये किंवा त्या कराइतकी रक्कम, दोन्हींत जे जास्त ते. राज्याच्या जीएसटी कायद्यातही तशीच तरतूद आहे. योजनेच्या अटी मोडल्या म्हणून नोटीस येऊन योजना काढून घेतली जाऊ शकते, आणि मग त्या काळातल्या विक्रीवर पूर्ण दराने कर मागितला जातो.

ठेकेदाराचाही यात फायदा होत नाही. वजावट मिळायला ते बिल त्याच्या `GSTR-2B` मध्ये दिसावे लागते. विकणाऱ्याने `GSTR-1` भरले तरच ते तिथे येते, आणि कॉम्पोझिशनचा दुकानदार `GSTR-1` भरतच नाही. त्यामुळे वजावट अडते, ठेकेदार पैसे परत मागायला येतो आणि चुकीचे बिल पुरावा म्हणून त्याच्या फाइलमध्ये राहते.

कोणता दुकानदार कॉम्पोझिशनमध्ये आहे हे कोणालाही तपासता येते. जीएसटी पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये नंबर टाकला की करदात्याचा प्रकार दिसतो. तिथे `Composition` आले आणि बिलावर कर लावलेला असला, तर ते बिल चुकीचे आहे हे गिऱ्हाइकालाही लगेच कळते.

काही दुकानदार १८ टक्के लावत नाहीत, पण बिलाखाली ‘जीएसटी १ टक्का’ लिहून १४ रुपये वेगळे घेतात. तेही चालत नाही. तो १ टक्का दुकानदाराच्या उलाढालीवरचा आहे. तो धरून भाव ठरवता येतो, पण बिलावर वेगळा दाखवून घेता येत नाही.

बिल ऑफ सप्लायवर काय असावे

नवीन पुस्तक छापताना प्रेसवाल्याला सीजीएसटी-एसजीएसटीचे रकाने काढायला सांगा. ते रकाने असले की घाईत काउंटरवरचा मुलगा ते भरतोच. पुस्तकात हे असावे:

- ठळक अक्षरांत ‘बिल ऑफ सप्लाय’
- सर्वात वर ‘कॉम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन, नॉट एलिजिबल टू कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाइज’ ही ओळ
- दुकानाचे नाव, पत्ता, जीएसटी नंबर
- ओळीने चालणारा बिल क्रमांक (१६ अक्षरांच्या आत, आर्थिक वर्षात एकच क्रमांक दोनदा नको) आणि तारीख
- गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर त्याचे नाव, पत्ता, जीएसटी नंबर
- मालाचे वर्णन, एचएसएन कोड, सूट वजा करून किंमत
- सही

याशिवाय दुकानाच्या पाटीवर, दर्शनी जागी ‘कॉम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन’ लिहिणे बंधनकारक आहे. गोडाऊन किंवा दुसरी शाखा असेल तर तिथेही.

दहा-वीस रुपयांच्या विक्रीचे काय?

एक होल्डर, दोन स्क्रू, टेपचे एक बंडल अशा प्रत्येक विक्रीला बिल फाडणे शक्य नसते. त्यासाठी सवलत आहे. विक्री २०० रुपयांपेक्षा कमी असावी, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसावे आणि त्याने बिल मागितलेले नसावे. या तिन्ही गोष्टी असतील तर वेगळे बिल दिले नाही तरी चालते. बरोबर २०० ची विक्री या सवलतीत बसत नाही.

पण दिवस संपताना अशा सगळ्या विक्रीचे मिळून एक बिल ऑफ सप्लाय करायचे असते. समजा, दिवसभरात ४३ छोट्या विक्री झाल्या आणि त्यांचे ३,८६० रुपये आले. काउंटरच्या वहीत त्या लिहिल्या असतील, तर रात्री पुढच्या क्रमांकाचे ३,८६० चे एक बिल फाडून पुस्तकातच ठेवायचे. हे राहून गेले तर गल्ल्यातली आणि यूपीआयवर आलेली रक्कम बिलांच्या बेरजेपेक्षा जास्त दिसते, आणि तपासणीत तो फरक बिनबिलाची विक्री म्हणून धरला जाण्याचा धोका असतो.

याच बेरजेवर तिमाहीचा कर निघतो. एप्रिल ते जूनमध्ये सगळी बिले मिळून ६,२०,००० ची करपात्र विक्री झाली, तर कर ६,२०० रुपये. त्यातला अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. तो १८ जुलैपर्यंत `CMP-08` मध्ये भरायचा.

ठेकेदारच जास्त येत असतील तर

एखादा ठेकेदार आला तर त्याला स्पष्ट सांगावे की आमचे बिल ऑफ सप्लाय मिळेल, वजावट मिळणार नाही. भाव कमी करून जमत असेल तर करावा. पण वरच्या उदाहरणात शेजाऱ्याच्या १,२०० शी बरोबरी करायची, तर १,१८० ची खरेदी आणि १२ रुपये कर जाऊन ८ रुपये उरतात. त्यावर धंदा चालत नाही.

निम्म्याहून जास्त विक्री नोंदणीकृत गिऱ्हाइकांना होत असेल, तर योजना सोडण्याचा हिशेब मांडून बघावा. `CMP-04` भरून वर्षाच्या मध्येही बाहेर पडता येते. त्या दिवसापासून टॅक्स इन्व्हॉइस सुरू होते आणि शिल्लक मालावर भरलेला कर ३० दिवसांत `ITC-01` भरून वजावटीत घेता येतो. खरेदीचे टॅक्स इन्व्हॉइस एक वर्षाच्या आतले आणि हातात असावे लागते. म्हणून आज वजावट मिळत नसली तरी ठोक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्या आणि जपून ठेवा.

उलाढाल चालू वर्षातच दीड कोटीच्या वर गेली, किंवा माल परराज्यात विकायला सुरुवात केली, तर योजना त्याच दिवशी संपते आणि सात दिवसांत `CMP-04` भरावा लागतो. त्या दिवसानंतर जुन्या पुस्तकातून बिल फाडू नये. परत योजनेत यायचे असेल तर नवीन आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, `CMP-02` भरावा लागतो. बिलाचे पुस्तक एप्रिलमध्ये बदलायचे की नाही, हे मार्चमध्येच ठरवावे लागते ते यामुळे.